काही खलनायक शेवटी सुधारतात ते पटतं, काहींचं अजिबात पटत नाही. असं का होतं?

माझ्या मते शेवटच्या प्रसंगात काय होतं यावर ते फारसं ठरतच नाही. ते मधल्या भागात ठरतं, आणि नेमका तोच भाग कापला जातो. हे मी जरा रागानंच लिहितोय.

स्पर्धेसाठी मी एक एकांकिका लिहिली होती. त्यातला सावकार दुष्टच, पण हिशेबाला पक्का. मधल्या प्रवेशात कर्जदार बाईचा मुलगा वहीतली एक चूक दाखवतो. सावकार त्याला हाकलून देतो, पण तो गेल्यावर नोंद दुरुस्त करतो, स्वतःचं नुकसान सोसून. शेवटी त्याला कळतं की मूळ कर्ज त्याच्या वडिलांच्या काळातच फिटलंय. तो एक शब्द न बोलता नोंद खोडतो आणि बळकावलेलं घर सोडून निघतो. म्हणजे तो एकदम दयाळू झालेला नाही. खोटी नोंद त्याला सहन होत नाही, एवढंच.

दिग्दर्शकानं वेळ बसत नाही म्हणून मधला प्रवेश उडवला आणि शेवटी हार्मोनियमच्या सुरांवर ‘मी चुकलो’ असं लांबलचक भाषण घातलं. परीक्षकांनी विचारलं, याला अचानक काय झालं? दिग्दर्शक आजही म्हणतो की संहिताच कच्ची होती.

त्याला मी दर वेळी ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या चित्रपटातल्या डार्थ व्हेडर या खलनायकाचं उदाहरण देतो. व्हेडरचा मालक असलेला सम्राट व्हेडरच्याच मुलाला, ल्यूकला, विजेचे झटके देतोय आणि व्हेडर शेजारी नुसता उभा आहे. मुखवट्यामुळे चेहरा दिसत नाही. तो एकदा मुलाकडे बघतो, एकदा सम्राटाकडे, आणि सम्राटाला उचलून खाली फेकतो. त्या झटक्यांनी त्याचा स्वतःचाही जीव जातो. हे पटतं, कारण १९८०च्या भागापासून तो या मुलाला मारायचं सोडून आपल्याकडे ओढायला बघतोय. आणि याच चित्रपटात आधी, आता फार उशीर झाला असं तो ल्यूकला सांगून बसलाय. ओढ जुनीच, फक्त तिची किंमत तो आता मोजतो. १९८३च्या मूळ चित्रपटात त्या क्षणी तो गप्प असतो. २०११च्या ब्लू-रेमध्ये त्याच्या तोंडी ‘नाही… नाही!’ घातलं, आणि चाहते भडकले. प्रेक्षक मुखवट्याआड जे स्वतः वाचत होते, तेच त्यांना ओरडून सांगितलं गेलं.

आता, कसलेला नट असेल तर भाषणही पेलतो, हे मान्य. आणि व्हेडरनं मुलाला वाचवलं म्हणून त्यानं मारलेल्या बाकीच्यांचा हिशेब मिटत नाही. शेवटी व्हेडर पुण्यात्म्यांच्या रांगेत हसत उभा राहतो ते मला अजून पचलेलं नाही.

तुम्ही स्वतः लिहीत असाल आणि कुणी वेळेचं कारण सांगून मधला प्रवेश मागितला, तर त्याला शेवटचं भाषण कापायला द्या. वेळ तिथंही वाचतो.