कृष्णेच्या पाण्यातले ५६० टीएमसी कुठून आले?

> "कृष्णा उगम पावते महाराष्ट्रात, मग बच्छावत लवादाने आपल्याला फक्त ५६० टीएमसी आणि आंध्रला ८०० कसे दिले? आणि ते '७५ टक्के विश्वासार्हता' प्रकरण नेमकं काय आहे?"

उगमाचा मुद्दा आधी बाजूला करू, कारण कोणत्याच लवादापुढे तो टिकत नाही. 'आमच्या हद्दीतलं पाणी आमचं' हा दावा अमेरिकेचे महाधिवक्ता हार्मन यांनी १८९५ मध्ये रिओ ग्रांदे नदीबाबत मेक्सिकोविरुद्ध मांडला होता. पण १९०६ च्या करारात अमेरिकेनेच मेक्सिकोला पाणी देणं मान्य केलं. आपल्याकडेही नदीवर एका राज्याची मालकी मानत नाहीत. वाटप न्याय्य असावं, हे तत्त्व आहे. खरा वाद सुरू होतो तो न्याय्य म्हणजे काय, इथे.

कृष्णेचं पाणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यात वाटण्यासाठी बच्छावत लवाद १९६९ मध्ये नेमला गेला. वाटायला पाणी किती, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न. नदी दरवर्षी सारखी वाहत नाही, म्हणून विजयवाड्याजवळच्या ७८ वर्षांच्या प्रवाहाच्या नोंदी घेतल्या गेल्या. त्या उतरत्या क्रमाने लावल्या, तर दर चारपैकी तीन वर्षं ज्या आकड्याइतकं किंवा त्याहून जास्त पाणी आलं, तो आकडा म्हणजे ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी. कृष्णेसाठी तो २०६० टीएमसी, म्हणजे २०६० अब्ज घनफूट, आला. म्हणजे चारातलं एक वर्ष तुटीचं असणार, हे गृहीत धरूनच वाटप झालं आहे.

आता वाटणी. लवादाने २०६० चे तीन वाटे करायला घेतले नाहीत. सप्टेंबर १९६० पर्यंत जे वापर सुरू होते किंवा ज्यांची बांधिलकी घेतली गेली होती, त्यांना आधी संरक्षण दिलं. त्यात आंध्रचे सुमारे ७४९ टीएमसी होते (त्रिभुज प्रदेशातले जुने कालवे, नागार्जुनसागर), कर्नाटकचे ५०५ आणि महाराष्ट्राचे ४४०. उरले फक्त ३६७ च्या आसपास. त्यातले अंदाजे १९५ कर्नाटकला, १२० महाराष्ट्राला आणि ५१ आंध्रला गेले. म्हणजे नव्या वाटपात आंध्रला सर्वांत कमी मिळालं. त्यांचे ८०० दिसतात ते आधी कालवे आणि धरणं उभी केल्यामुळे. सिंचनाचं पाणी शेतात गेल्यावर त्यातलं काही झिरपून पुन्हा नदीत येतं, त्यापोटी तिन्ही राज्यांना पुढे थोडी भर मिळते. आपली २५ ची, म्हणून आपला आकडा ५८५ असाही वाचायला मिळतो.

माझ्या मते या निवाड्यातली सर्वांत नाजूक जागा वेगळीच आहे. तुटीच्या वर्षी कुणी किती कमी घ्यायचं, याचं सूत्र लागू झालेल्या योजनेत नाही. वरची धरणं आधी भरतात, त्यामुळे तुटीचा फटका खाली बसतो. त्याची भरपाई म्हणून २०६० च्या वरचं पाणी वापरायची मुभा आंध्रला मिळाली, मात्र त्यावर हक्क सांगता येणार नाही अशी स्पष्ट अट घालून. आंध्रने त्या जादा पाण्याच्या भरवशावर प्रकल्प उभे केले. मुभेच्या पाण्यावर एकदा माणसं आणि पिकं अवलंबली की ती काढून घेणं फार अवघड होतं, आणि तेच झालं.

२००४ मध्ये नेमलेल्या ब्रिजेशकुमार लवादाने ते जादा पाणीही वाटायला घेतलं. त्याने विश्वासार्हता ६५ टक्क्यांवर आणली आणि पाणी २२९३ टीएमसी धरलं. इथे बातम्या वाचताना फसगत होते. हा वाढीव आकडा केवळ टक्केवारी घटवून आलेला नाही. नव्या लवादाने ४७ वर्षांची वेगळी मालिका वापरली आणि तिच्यात ७५ टक्क्यांचाच आकडा २१७३ येतो. म्हणजे २३३ च्या वाढीतले ११३ मालिका बदलल्याने आणि १२० जोखीम वाढवल्याने आले. शिवाय लवादाने सरासरी प्रवाहापर्यंतचं, म्हणजे २५७८ पर्यंतचं पाणीही वाटून टाकलं. ते पाणी कागदावर असलं, तरी अनेक वर्षी नदीत नसेल. म्हणून कुणी 'आमच्या वाट्याला इतके टीएमसी' म्हणालं, की आधी विचारायचं: कोणत्या विश्वासार्हतेचे, आणि कोणत्या वर्षांच्या नोंदींवरून?

या निवाड्यात महाराष्ट्राला ६६६, कर्नाटकला ९०७ आणि आंध्रला १००५ टीएमसी आहेत. पण तो राजपत्रात प्रसिद्ध करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मनाई केली. राजपत्रात आल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही. त्यात २०१४ मध्ये तेलंगण वेगळं झालं आणि २०२३ मध्ये केंद्राने आंध्र-तेलंगण वाटपाचं कामही याच लवादाकडे दिलं. निवाडा राजपत्रात येईपर्यंत ५८५ आणि ६६६ यांतला ८१ टीएमसीचा फरक धरून महाराष्ट्रातल्या कोणत्याही योजनेचं गणित मांडणं मला धोक्याचं वाटतं.