बाळाचा भात वेळून शिजवा

बाळाला रोज तीन वेळा तांदळाची पेज देता, असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून सांगते. भाताच्या खाचरात पाणी साचून राहते, तेव्हा मातीत हवा उरत नाही आणि तिच्यातले आर्सेनिक हे विषारी द्रव्य सुटे होऊन मुळांवाटे दाण्यात शिरते. ते कोंड्यात अधिक साठते. त्यामुळे बिनसडीचा तांदूळ एरवी चांगला असला, तरी बाळासाठी रोज तोच वापरू नये.

नुसते धुण्याने आर्सेनिक थोडेच कमी होते. एक वाटी तांदळाला सहा ते दहा वाट्या पाणी उकळून, त्यात भात शिजवून, दाणा बोटांत सहज चिरडला की सगळे पाणी वेळून टाकावे. याने घातक आर्सेनिक साधारण 40 ते 60 टक्के घटते. कुकरमध्ये पाणी आटते, म्हणून आर्सेनिक भातातच राहते. वेळलेले पाणी पेज म्हणून बाळाला पाजले, तर सारी मेहनत वाया जाते. मात्र त्या पाण्याबरोबर काही ब जीवनसत्त्वेही जातात, आणि पश्चिम बंगाल किंवा बिहारमधल्या काही भागांसारखे विहिरीचे पाणीच दूषित असेल, तर हा उपाय उलटतो, कारण उकळून आर्सेनिक जात नाही.

म्हणून माझा खरा भर धान्य बदलण्यावर आहे. सकाळी नाचणीचे सत्त्व, दुपारी वेळलेला मऊ भात व मुगाचे वरण, संध्याकाळी ज्वारीची पातळ आंबील किंवा गव्हाचा दलिया द्यावा. कुरमुरे आणि तांदळाची तयार पावडर हाही तांदूळच आहे, हे मोजताना विसरू नये.