काकांच्या जमीनविक्रीला स्टे मिळेल का? तीन कसोट्या आणि आत्याचा हिस्सा

प्रश्न: आजोबांची 3 एकर जमीन आहे. आजोबा 2009 साली वारले, आजी त्याआधीच गेली. सातबाऱ्यावर बाबा आणि काकांची नावं लागली. आत्याचं नाव नाही आणि तिला यात आणायचं नाही असं घरात ठरलंय. वाटप झालेलं नाही. काकांनी रस्त्याकडचे 50 गुंठे एका बिल्डरला द्यायचं ठरवलंय, इसार झालाय म्हणतात आणि जेसीबी लागलाय. वकील म्हणतात स्टेसाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतील. त्या नेमक्या कशा दाखवायच्या?

उत्तर:

मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात वकिली करतो आणि अशा अर्जांवर दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे. तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आत्याबद्दलचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आत्या बाजूला ठेवली तर हिशेब असा होतो: 120 गुंठे, दोन भाऊ, प्रत्येकी 60. काका विकतायत 50, म्हणजे स्वतःच्या हिश्शाच्या आत. त्यांचा वकील न्यायाधीशांना सरळ सांगेल की सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा विकायचा हक्क आहे, उद्या वाटपाचा हुकूम झालाच तर हे 50 गुंठे काकांच्या वाट्यात धरावेत आणि खरेदीदाराला सांभाळून घ्यावं. हा युक्तिवाद पोकळ नाही. वाटपाच्या दाव्यात कोर्ट शक्य तिथे असं समायोजन करतं.

आता आत्या धरा. जमीन आजोबांची स्वकष्टार्जित असो की वडिलोपार्जित, तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत तिन्ही भावंडांना सारखाच वाटा येतो, प्रत्येकी 40 गुंठे. सातबाऱ्यावर नाव लागलं नाही म्हणून तिचा हक्क जात नाही. महसुली नोंद हा मालकीचा दस्त नव्हे. तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलेलं नसेल, तर काका 40 चे धनी असून 50 विकतायत, तेही रस्त्याकडचे. अर्जातला तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि नेमका तोच तुम्ही घरच्या घरी दडवायचं ठरवलंय.

दडवल्याचा दुसरा तोटा याहून मोठा. मनाई हुकूम मागणाऱ्याने सगळी हकीकत स्वच्छपणे मांडली पाहिजे. काकांच्या म्हणण्यात आत्याचं नाव आलं आणि तुमच्या दाव्यात नसलं, तर वारस लपवले म्हणून अर्ज नामंजूर होऊ शकतो. एकतर्फी हुकूम आधी मिळालेला असेल तर तो खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या कथनावर मिळवला म्हणून उठतो. शिवाय वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार पक्षकार लागतातच. आत्या वादी व्हायला तयार नसेल तर तिला प्रतिवादी करा, पण दाव्यात घ्याच.

आता तीन कसोट्यांकडे येतो. आपल्याकडे हा अर्ज बहुधा निशाणी 5 ला असतो, म्हणून वकील मंडळी त्याला 'एक्झिबिट फाइव्ह' म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39, नियम 1 आणि 2 खाली तो चालतो.

पहिली कसोटी प्रथमदर्शनी केस. इथे मालकी सिद्ध करायची नसते. दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग (1992) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की प्रथमदर्शनी केस म्हणजे प्रथमदर्शनी मालकी नव्हे. ज्याचा पुराव्यानिशी निवाडा करावा लागेल असा खरा, प्रामाणिक प्रश्न उभा राहिला पाहिजे. तुमच्या बाबतीत त्यासाठी आजोबांच्या नावचे जुने सातबारे, वारसाचा फेरफार, वंशावळ आणि वाटपाचा फेरफार झालेला नाही हे दाखवणारे आजचे उतारे पुरेत. काका बहुतेक म्हणतील की तोंडी वाटप कधीच झालंय आणि रस्त्याकडचा तुकडा त्यांच्याच वहिवाटीत आहे. त्यावर उत्तर कागदातच शोधा: सातबारा अजून सामाईक आहे का, पोटहिस्सा पडलाय का, पीक पाहणीत कोणाचं नाव आहे, सोसायटीचं कर्ज एकत्र आहे का.

आणखी एक गोष्ट. जमीन आजोबांची स्वकष्टार्जित असेल तर बाबा हयात असताना तुम्हाला स्वतःचा हिस्सा नाही. म्हणून दावा बाबांच्या नावाने लावा. मुलाने उत्साहाने स्वतःच्या नावाने लावलेला दावा पहिल्याच कसोटीवर अडखळू शकतो.

दुसरी कसोटी सोयी-गैरसोयीच्या तोलाची. हुकूम दिला आणि पुढे दावा फेटाळला तर काकांचं काय बिघडेल, आणि हुकूम नाकारला पण पुढे दावा मंजूर झाला तर तुमचं काय बिघडेल, हे कोर्ट शेजारी ठेवून बघतं. काकांचा व्यवहार लांबेल, कदाचित इसार परत द्यावा लागेल, पण जमीन जागेवर राहील आणि नंतरही विकता येईल. तुमच्या बाजूला सपाटीकरण, मुरमाचे रस्ते, प्लॉट, आणि एका बिल्डरच्या जागी दहा-वीस प्लॉटधारक. त्या प्रत्येकाला पक्षकार करून भांडणं म्हणजे दाव्याचा जन्मभराचा खेळ. हे अर्जात असं चित्र उभं करून लिहा. 'तोल वादीच्या बाजूने आहे' एवढं एक वाक्य टाकून मोकळे झालेले अर्ज मी खूप पाहिलेत, त्यातून न्यायाधीशांच्या हाती काहीच लागत नाही.

इथेच मागणी नेमकी ठेवण्याचा मुद्दा येतो. 'काकांनी जमीन कुठल्याही प्रकारे विकू नये' अशी सरसकट मागणी केली तर काकांचा स्वतःच्या हिश्शावरचा कायदेशीर हक्कच तुम्ही गोठवायला निघालात असं दिसतं. त्यापेक्षा असं मागा: वाटप होईपर्यंत चतुःसीमा घालून कोणताही विशिष्ट तुकडा विकू नये, त्याचा ताबा तिसऱ्या इसमाला देऊ नये, आणि खोदकाम, सपाटीकरण किंवा बांधकाम करून जमिनीचं स्वरूप बदलू नये. या मागणीने काकांचं नुकसान जवळपास काहीच नाही, त्यामुळे तोल आपोआप तुमच्याकडे झुकतो.

तिसरी कसोटी भरून न येणाऱ्या नुकसानीची. माझ्या अनुभवात चांगले अर्ज पडतात ते इथे, कारण सगळा जोर मालकीवर खर्च झालेला असतो. नुकसान पैशात मोजून पुरेसं भरता येत असेल तर कोर्ट म्हणतं, भरपाई मागा. नुकसान दुरुस्त करणं अशक्यच असलं पाहिजे असं नाही. ते ठोस हवं आणि पैशाने पुरेसं भरून निघणारं नसावं.

तुमचं नुकसान रस्त्याच्या बाजूत आहे. वाटप करताना रस्त्याला लागलेली रुंदी सगळ्या हिश्शांत विभागता येते, म्हणजे तिघांनाही रस्त्यावर तोंड मिळतं. रस्त्याकडचे 50 गुंठे गेले की बाबा आणि आत्याला मिळून 80 ऐवजी 70 गुंठेच उरतात, तेही आतले, आणि काकांच्या 40 पलीकडचे 10 कोणाच्या तरी वाट्यातून गेलेले. आतल्या जमिनीला वाट कुठून, हा नवीन तंटा वेगळाच. हे शब्दांत सांगू नका, दाखवा. गटाचा नकाशा जोडा, त्यावर रस्त्याची बाजू आणि विक्रीचा पट्टा लाल पेनाने आखा. न्यायाधीशांना एका नजरेत कळतं.

काकांकडून ठरलेलं उत्तर येईल: दावा चालू असताना केलेली खरेदी दाव्याच्या निकालाला बांधील असते, मग नुकसान कसलं? मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 52 तसं सांगतं. पण ते कलम खरेदीदाराच्या हक्काला बांधतं, जेसीबीला थांबवत नाही. महर्वाल खेवाजी ट्रस्ट (2004) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की भरून न येणारं नुकसान दाखवल्याशिवाय दावा चालू असताना मिळकतीचं स्वरूप बदलू देऊ नये, आणि त्यात विक्रीही आली. 'माझ्या जोखमीवर काम करतो' असं प्रतिवादी म्हणाला तर हा निकाल दाखवावा. शिवाय मुंबई दुरुस्तीमुळे आपल्याकडे कलम 52 चा फायदा घ्यायचा तर दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. दावा दाखल झाल्याच्या आठवड्यातच ती नोंदवून घ्या, स्टे मिळो न मिळो.

'इसार झालाय म्हणतात' यावर कोर्ट हलणार नाही. नोंदणी झालेला करार असेल तर दुय्यम निबंधकाकडच्या दस्तांच्या सूचीत, म्हणजे इंडेक्स 2 मध्ये दिसेल, तो शोध घ्या. बिल्डरच्या वकिलाने वर्तमानपत्रात टायटलसाठी जाहीर नोटीस दिली असेल तर ते कात्रण सोन्यासारखं आहे. मुदतीत लेखी हरकत पाठवा आणि तिची पोच ठेवा. जेसीबीचे तारखेसह फोटो काढा. आणि उशीर करू नका. महिनाभर काम बघत बसून 'तातडी आहे' म्हणालात तर कोणी मानणार नाही.

एकतर्फी हुकूम मागायचा असेल तर हे लक्षात ठेवा. नियम 3 प्रमाणे आधी नोटीस हाच नियम आहे. नोटिशीने हेतूच बारगळेल असं दिसलं तरच, कारणं लिहून, कोर्ट लगेच हुकूम देतं. तो मिळाला की अर्ज, शपथपत्र, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती लगेच काकांना पोहोचवायच्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या, आणि तसं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं. हे राहिलं की समोरचा वकील पहिल्या तारखेला हुकूम उठवायला मागतो. एकतर्फी हुकूम झाल्यापासून 30 दिवसांत अर्जाचा निकाल लावायचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो, म्हणून तारखा मागत बसू नका. काकांनी आधीच कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला कळवल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज, कोर्टात लावला असेल तर एकतर्फी हुकमाचा विचार सोडा, त्यांना सूचना मिळणारच.

अर्ज नामंजूर झाला तर जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत अपील आहे. पण खालच्या कोर्टाचं मत पटण्याजोगं असेल तर केवळ वेगळं मत शक्य आहे म्हणून अपिलात ढवळाढवळ होत नाही. त्यामुळे नकाशा, फेरफार, फोटो हे सगळं निशाणी 5 च्या सुनावणीआधीच दाखल झालं पाहिजे.

हुकूम झाला आणि तरीही जेसीबी चालूच राहिला, तर शेतात जाऊन भांडू नका. हुकमाची प्रमाणित प्रत काका आणि बिल्डर दोघांना बजावलेली असू द्या, कामाचे फोटो घ्या आणि नियम 2अ खाली अर्ज करा. त्यात मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. त्यासाठी बिल्डरलाही पहिल्यापासून प्रतिवादी केलेलं बरं, म्हणजे हुकमाची आम्हाला माहितीच नव्हती हे त्याला म्हणता येत नाही.