प्रामाणिक, निष्ठावान, समर्पित आणि अफरातफर

"आमच्या डेपोतले एक कंडक्टर या महिन्यात रिटायर होतायत, निरोपाचं भाषण मी लिहितोय. पण दोन पानांत प्रामाणिक, निष्ठावान आणि समर्पित हेच शब्द सारखे येतायत. दुसरे चांगले शब्द सुचवाल का?"

समर्पित आधी काढा, सगळीकडून. हल्ली हिंदी बातम्यांमधून आलेला हा शब्द ऐकून कान किटलेत, समर्पित कार्यकर्ता, समर्पित सेवा, आता एसटीतही समर्पित. मराठीत पुस्तक समर्पित करतात, देवाला फूल समर्पित करतात, माणूस कामात जीव ओततो किंवा मन लावून काम करतो. निष्ठावान तर राजकारण्यांनी पार वापरून टाकलाय, पक्ष बदलून आलेल्यालाही स्टेजवर निष्ठावानच म्हणतात, तेव्हा तोही नको.

राहिला प्रामाणिक. हा ठेवा, पण एकदाच, कारण त्याच्या पोटात प्रमाण बसलंय. हिंदीवाले प्रामाणिक म्हणतात ते अधिकृत, खात्रीलायक अशा अर्थाने, मराठीत तो माणसाच्या सचोटीला लागला. म्हणजे प्रामाणिक म्हटलं की पुढे प्रमाण द्यायला हवं, नुसतं विशेषण लावून भागत नाही. आणि कंडक्टरच्या बाबतीत ते प्रमाण कुठे असतं तर वेबिलात, म्हणजे विकलेल्या तिकिटांचा हिशोब लिहायच्या कागदात. मशीन यायच्या आधी तिकिटांची पत्र्याची पेटी आणि पंच असायचा, टप्पा आला की गाडीतल्या गर्दीत उभ्याउभ्या प्रत्येक किमतीच्या तिकिटाचा नंबर वेबिलावर लिहायचा. मध्येच तपासणीस चढला की आधी वेबिल ताब्यात घेणार, मग डोकी मोजणार, तिकिटं बघणार आणि शेवटी बॅगेतली कॅश. आता लोकांना वाटतं कॅश कमी भरली तरच भानगड, पण जास्त निघाली तरी पंचाईत, पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही असा संशय येतो. म्हणून तर ड्युटीवर निघताना स्वतःच्या खिशातले पैसेही वेबिलावर लिहून ठेवायचे.

आणि इथेच माझा लाडका शब्द येतो, अफरातफर. हा उगाच यमक जुळवलेला जोडशब्द आहे असं ठासून सांगणारे लोक आहेत आणि मला त्यांचं आश्चर्य वाटतं, कारण कोश उघडायचीही तसदी घेतलेली नसते. मूळ अरबी, इफ्रात आणि तफ्रीत. इफ्रात म्हणजे अति, जास्ती, आणि तफ्रीत म्हणजे त्याच्या उलट, कमी पडणं. दोन्ही एकाच धातूचे. उर्दूत त्याची अफरातफरी होऊन गोंधळ, धावपळ असा अर्थ राहिला, मराठीने मात्र तो शब्द पैशाच्या हिशोबाला लावला. माझं मत असं की मराठी कारकुनांनी हे अगदी विचारपूर्वक केलं, हिशोबात जास्ती आणि कमी दोन्ही गुन्हाच, हे दप्तरात बसणाऱ्यालाच कळतं. कुणाला हे पटत नसेल तर नसो, पण तपासणीस अजूनही याच दोन बाजू बघतो, मग ते म्हणे यमक! आणि परकीय शब्द भाषणात नको म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, मग कंडक्टर, डेपो, तिकीट यांचं काय करणार?

बरं, तुमचं भाषण. तिन्ही विशेषणांच्या जागी एक शब्द हवाच असेल तर इमानेइतबारे वापरा, "इमानेइतबारे नोकरी केली". यातला इमान आणि आपली अनामत रक्कम एकाच अरबी कुळातले, अनामत म्हणजे मूळ अमानत, विश्वासाने ठेवलेली दुसऱ्याची वस्तू. लोक अनामतची फोड अ अधिक नाम अशी करून निनावी रक्कम असं सांगतात, ते सपशेल चूक आहे. कंडक्टरच्या बॅगेतली कॅश दुसऱ्याचीच असते, म्हणून हा शब्द त्यांना शोभतो.

आणि वाक्य असं करा: "साहेबांनी इमानेइतबारे नोकरी केली. गाडी कितीही भरलेली असो, वेबिल टप्प्याला लिहिलेलं असायचं, आणि डेपोत हिशोब देताना कॅश कधी जास्त निघाली नाही, कधी कमी पडली नाही." हे मात्र खरं असेल तरच लिहा, डेपोत जुन्या कॅशिअरला एकदा विचारून घ्या, समोर बसलेल्या सगळ्यांना माहीत असतं. निष्ठा दाखवायची असेल तर मुक्कामी गाडी सांगा, कुठल्या गावाला जायची, रात्री झोपायचे कुठे, पहाटे गाडी किती वाजता सुटायची. आणि सुट्ट्या पैशांचं सांगा, तिकिटाच्या मागे बाकी लिहून दिली आणि उतरताना आठवणीने परत केली असं कुणी सांगत असेल तर ते आधी घ्या. निमंत्रणात वाहक लिहिलंत तर चालेल, ते सरकारी नाव आहे, भाषणात कंडक्टरच म्हणा.