नाम सापडत नसेल तर क्रियापद शोधा

प्रश्न: आरोग्य सर्वेक्षणाची कागदपत्रं मराठीत आणतेय. प्रायव्हसी, अकाउंटेबिलिटी, क्लोजर यांना नेमका शब्दच मिळत नाही. शब्दकोशातले शब्द वापरले की वाक्य परकं वाटतं. काय करावं?

प्रतिशब्दाचा शोध थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्या वाक्यात कोण, कोणासाठी, काय करणार आहे ते साध्या मराठीत लिहून काढा. या तिन्ही शब्दांत एक अख्खी घडामोड एका नामात कोंबलेली असते. मराठीत ती क्रियापदाने सांगितली की बहुतेक ठिकाणी वाट मोकळी होते. मीही संमतिपत्रं आणि प्रश्नावल्यांचंच काम करते, म्हणून तुमच्या कागदपत्रांपासूनच सुरुवात करते.

संमतिपत्रात हमखास येणारं वाक्य घ्या: ‘सहभागी व्यक्तीच्या गोपनीयतेचे रक्षण केले जाईल.’ व्याकरणात खोट नाही, पण ऐकणाऱ्या बाईच्या हाती काहीच लागत नाही. मूळ इंग्रजी मजकुरात बहुधा दोन वेगळी वचनं असतात. प्रायव्हसी माणसाबद्दल असते: तिला कोण बघतंय, तिचं बोलणं कोणाच्या कानावर पडतंय, कोणते प्रश्न ती टाळू शकते. कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी माहितीबद्दल असते: तिने सांगितलेलं पुढे कोणाकडे जाईल. मराठीत दोन्हींसाठी ‘गोपनीयता’ लिहिलं की पहिलं वचन गायब होतं. मग उत्तरांचे कागद कुलपात नीट राहतात, पण मुलाखत मात्र सासू शेजारी बसलेली असताना घेतली जाते.

मी ते असं लिहीन: ‘आम्ही तुमच्याशी बोलताना जवळ दुसरं कोणी नसेल. मध्येच कोणी आलं तर आपण बोलणं थांबवू. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, कारण विचारलं जाणार नाही. तुम्ही सांगितलेलं तुमच्या नावासकट कोणालाही कळवलं जाणार नाही.’ एका वाक्याची चार झाली, पण आता प्रत्येक वचन पाळलं की मोडलं हे त्या बाईला स्वतःला ओळखता येईल. कायद्याने काही माहिती कळवणं भाग असेल तर शेवटचं वाक्य तसंच ठेवू नका, तो अपवाद तिथेच सांगा. लांबी वाढली म्हणून कोणी कुरकुर केली तर मी प्रस्तावनेतली वाक्यं कापते, ही नाही.

‘गोपनीयता’ या शब्दाची आणखी एक अडचण आहे. त्यात लपवण्याचा भाव आहे. मंत्री पद आणि गोपनीयतेची शपथ घेतात, तेव्हा ती सरकारी गुपितं न फोडण्याची शपथ असते. तोच शब्द नागरिकाला लावला की समोरचा सहज विचारतो, ‘लपवण्यासारखं आहे काय एवढं?’ आपण आंघोळ करताना दार लावतो, ते काही गुपित असतं म्हणून नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 2017 मध्ये प्रायव्हसी हा मूलभूत अधिकार मानला, तेव्हा माहितीबरोबरच स्वतःच्या शरीराबद्दलचे आणि आयुष्याबद्दलचे निर्णय स्वतः घेण्याचाही विचार केला होता. त्यामुळे शीर्षकात एकच नाम हवं असेल तर मी ‘खासगीपणा’ घेते. बोलीभाषेतल्या मजकुरात ‘प्रायव्हसी’ही बिनदिक्कत ठेवते, कारण तो शब्द आता सगळीकडे कानावर पडतो.

पण मराठीत ही कल्पनाच नाही, असं मात्र मला अजिबात वाटत नाही. तिचा भंग झाला की आपल्याकडे शब्दच शब्द आहेत: डोकावणं, लुडबूड, भोचकपणा, नाक खुपसणं, कान लावून ऐकणं. शरीराच्या बाबतीत ‘आडोसा’ आहे, मनाच्या बाबतीत ‘एकांत’. दवाखान्यासाठीच्या सूचनेत ‘तपासणीच्या वेळी रुग्णाला आडोसा असावा’ हे वाक्य परिचारिकेला जितकं लगेच कळतं, तितकं ‘रुग्णाच्या खासगीपणाचा आदर करावा’ हे कळत नाही.

अकाउंटेबिलिटीला ‘जबाबदारी’ म्हटलं की घोटाळा होतो, कारण जबाबदार हा शब्द आपण तीन अर्थांनी वापरतो. ‘औषधं वेळेवर आणण्याची जबाबदारी त्यांची’ म्हणजे ते काम त्यांचं. ‘या विलंबाला ते जबाबदार’ म्हणजे तो त्यांच्यामुळे झाला. ‘मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं’ म्हणजे विधानसभेने विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं. अकाउंटेबिलिटी ही तिसरी, आणि दुसरीशी तिची गल्लत सहज होते, कारण दोन्हीकडे ‘-ला’ हाच प्रत्यय आहे. ‘उत्तरदायित्व’ हा शब्द शासकीय मराठीत रुळलेला आहे, शीर्षकाला चालतो. मजकुरात मात्र मी तीन गोष्टी लिहिते: विचारणार कोण, उत्तर देणार कोण, आणि उत्तर दिलं नाही तर काय. ‘औषधसाठ्याबाबत कर्मचाऱ्यांचे उत्तरदायित्व राहील’ याऐवजी: ‘साठा कमी भरला तर तालुका अधिकारी औषधनिर्माण अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा मागवतील. खुलासा आला नाही तर ते वरिष्ठांना कळवतील.’

इथे एक गोष्ट वारंवार घडते. हे तीन रकाने भरायला बसलं की मूळ मजकुरात विचारणारा कोण हेच ठरवलेलं नसतं. इंग्रजी नामाखाली ते झाकून राहतं, मराठी क्रियापद कर्ता मागतं. अशा वेळी अंदाजाने भरू नका, मजकूर लिहिणाऱ्याला विचारा. क्रियापद निवडताना स्वरही बघा. ‘जाब विचारणं’ नेमकं आहे, पण त्यात राग आहे. ते नागरिकांच्या तोंडी शोभतं. कार्यालयात ‘खुलासा मागवणं’ म्हणतात, पैशांच्या बाबतीत ‘हिशेब देणं’.

क्लोजरचं काम तुलनेने छोटं आहे. ‘समाप्ती’, ‘पूर्णत्व’ हे शब्द मनाच्या बाबतीत निर्जीव वाटतात. ‘सोक्षमोक्ष लावणं’ भांडणासाठी आहे, दुःखासाठी नाही. मला सगळ्यांत उपयोगी पडतं ते ‘राहून जाणं’. आपण क्लोजर मिळालं असं म्हणत नाही, पण ‘शेवटचं बोलायचं राहून गेलं’ हे कोणीही म्हणतं. मात्र काय राहिलंय ते प्रसंगागणिक बदलतं. बेपत्ता माणसाच्या घरच्यांना ‘आहे की नाही, हे एकदाचं कळू दे’ असं वाटतं. नातं अचानक तुटलेल्याला ‘का’ हे कळायचं राहिलेलं असतं. म्हणून प्रश्नावलीत ‘तुम्हाला या घटनेबाबत क्लोजर मिळाले आहे का?’ असा प्रश्न असेल तर तो फोडा: ‘त्याबद्दल काही कळायचं राहिलंय असं वाटतं का?’ आणि ‘कोणाशी काही बोलायचं राहून गेलं असं वाटतं का?’ मात्र प्रमाणित प्रश्नावलीत एका प्रश्नाचे दोन केले तर गुण मोजण्याची पद्धत बिघडते. तिथे आधी ती तयार करणाऱ्यांची परवानगी घ्या.

छापण्याआधी मजकूर या कामाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना वाचून दाखवा आणि कागद बाजूला ठेवून त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘म्हणजे ते लोक नेमकं काय करणार आहेत?’ असं विचारा. उत्तरात तुमचाच शब्द जसाच्या तसा परत आला, तर ते वाक्य पुन्हा लिहायला घ्या.