रेझ्युमेतले चार आकडे

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने तुझा रेझ्युमे व्हॉट्सॲपवर पाठवला, तो मी काल रात्री नीट वाचला. महापे आणि घणसोलीच्या दोन कंपन्यांत तू तो पाठवणार आहेस, असं ती म्हणाली. आठवडाभर थांब, आहे तसा पाठवू नकोस. मी १४ वर्षं डेटा एंट्रीच्या क्यूसी टेबलवर, म्हणजे भरलेले फॉर्म तपासण्यात काढली. त्यातली शेवटची ६ वर्षं नवी मुलं निवडताना मी मुलाखतीला बसायचे. त्या खुर्चीवरून तुझा कागद कसा दिसतो, ते सांगते.

तू लिहिलं आहेस, ‘टायपिंग स्पीड ६० शब्द प्रति मिनिट, अचूकता १०० टक्के, रोज १००० फॉर्मची एंट्री’. समोरचा माणूस हे तीन आकडे वेगवेगळे वाचत नाही, तो त्यांचा एकमेकांशी हिशोब लावतो. आपल्या कामात ५ स्ट्रोकचा एक शब्द धरतात. म्हणजे मिनिटाला ६० शब्द म्हणजे ३०० स्ट्रोक आणि तासाला १८,०००. तू वागळे इस्टेटला जे खातं उघडण्याचे फॉर्म भरतोस, त्यात १४ रकाने आहेत. नाव, वडिलांचं नाव, तीन ओळींचा पत्ता, पिनकोड, मोबाईल, ईमेल, पॅन, वारसाचं नाव असं सगळं धरलं तर एका फॉर्मला साधारण १६० स्ट्रोक लागतात. असे १००० फॉर्म म्हणजे १,६०,००० स्ट्रोक. जेवण आणि चहा वजा जाता हाताशी ७ तास उरतात. भागाकार केला की तासाला जवळजवळ २३,००० येतात. म्हणजे तुझ्याच कागदावरच्या वेगाने, कुठेही न थांबता टाईप केलं तरी हे काम होणार नाही. हा हिशोब मुलाखत घेणारा मनातल्या मनात अर्ध्या मिनिटात करतो, आणि मग कागदावरची बाकीची खरी गोष्टही त्याला खोटी वाटायला लागते.

तू खोटं लिहिलंस असं मला वाटत नाही. फोनवर तूच म्हणालास की तुमच्या चौघांच्या टीमचं रोजचं टार्गेट १००० आहे आणि तुझे स्वतःचे २६० च्या आसपास होतात. म्हणजे टीमचा आकडा तुझ्या नावावर आला. ही चूक मी बऱ्याच मुलांच्या कागदावर पाहिली आहे. टीमचा आकडा लिहायलाही हरकत नाही, पण शेजारी ‘चार जणांची टीम’ हे लिहायलाच हवं आणि आपला आकडा वेगळा द्यायला हवा.

आता २६० चा हिशोब बघ. २६० फॉर्मचे ४१,६०० स्ट्रोक होतात, ७ तासांत वाटले की तासाला सुमारे ६,०००. टायपिंग टेस्टमध्ये तुझा वेग ३८ शब्द आला होता, म्हणजे तासाला ११,४००. प्रत्यक्ष कामाचा वेग टेस्टच्या निम्मा दिसतो म्हणून दचकू नकोस, स्कॅनवरून फॉर्म भरताना तो तसाच असतो. टेस्टमध्ये छापील उतारा समोर असतो आणि बोटं फक्त धावायची असतात. कामात स्कॅन मोठा करून कुणाचं तरी अक्षर लावावं लागतं, १ आहे की ७ ते ठरवावं लागतं, ड्रॉपडाऊनमधून शाखा निवडावी लागते, सेव्ह दाबल्यावर पुढचा फॉर्म उघडेपर्यंत थांबावं लागतं. ज्याने हे काम केलं आहे त्याला निम्मा आकडा पाहूनच खात्री पटते की हा मुलगा खरोखर बसून काम करतो.

स्ट्रोक मोजायला सोपी युक्ती आहे. घरी एक्सेलमध्ये काल्पनिक नावा-पत्त्यांचे १० फॉर्म भर, एका ओळीत एक, A ते N या १४ रकान्यांत, दुसऱ्या ओळीपासून, आणि त्यापुढच्या O रकान्यात हे सूत्र टाकून खाली ओढ:

```
=SUMPRODUCT(LEN(A2:N2))
```

दहा ओळींची सरासरी काढ. टॅब आणि एंटर यात धरले जात नाहीत आणि ड्रॉपडाऊनचे रकाने जरा जास्त मोजले जातात, पण अंदाजाला एवढं पुरतं. ऑफिसमधले खरे फॉर्म मात्र घरी आणू नकोस. त्यांचा स्क्रीनशॉट ‘कामाचा नमुना’ म्हणून रेझ्युमेला जोडायचा विचार तर मनातही आणू नकोस. लोकांचा पॅन आणि मोबाईल नंबर आहे तो, २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहे. असा स्क्रीनशॉट जोडलेला उमेदवार मी लगेच बाजूला ठेवत असे, कारण उद्या तो आमच्याही क्लायंटचा डेटा असाच बाहेर नेईल.

वेगाबद्दल आणखी एक. टेस्टचा आकडा ग्रॉस आहे की नेट, ते लिही. समज १० मिनिटांत २,१०० स्ट्रोक झाले. त्याचे ४२० शब्द, म्हणजे ग्रॉस ४२. त्यात २० चुका झाल्या आणि प्रत्येक चुकीचा एक शब्द कापला तर ४०० उरतात, नेट ४०. चुका कापायची पद्धत ठिकठिकाणी वेगळी असते, म्हणून टेस्ट किती मिनिटांची होती आणि आकडा नेट आहे, एवढं लिहिलं की झालं. तीन वेगवेगळ्या दिवशी टेस्ट दे आणि मधला आकडा लिही. महाप्याला मुलाखतीआधी त्यांच्या कीबोर्डवर दहा-पंधरा मिनिटं बसवतात. तिथले कीबोर्ड जुने असतात, शिवाय हात घाबरलेला असतो. कागदावर ३८ आणि तिथे ३६ आले तर कोणी काही बोलत नाही. कागदावर ६० आणि तिथे ३६ आले तर मुलाखत तिथेच संपते.

परीक्षा परिषदेचं जीसीसी-टीबीसीचं ४० शब्दांचं प्रमाणपत्र तुझ्याकडे आहे, ते तू शेवटच्या ओळीत छंदांच्या वर टाकलंस! ते वर आण, इंग्रजी ४० असं स्पष्ट लिही आणि वर्ष लिही. मराठी टायपिंग येत असेल तर कोणत्या कीबोर्डवर तेही लिही, इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन, आणि युनिकोडमध्ये की जुन्या फॉन्टमध्ये. जुन्या फॉन्टवर हात बसलेल्या मुलाला युनिकोडच्या कामावर बसवलं तर पहिले काही दिवस त्याचा वेग पडतो, म्हणून हे आधी कळलेलं बरं असतं.

आता अचूकता. ‘१०० टक्के’ वाचलं की मी एकच प्रश्न विचारायचे, ‘किती फॉर्म तपासले होते?’ मुलं गप्प बसायची. तुझ्या टीम लीडरने दिलेलं ऑगस्टचं क्यूसी शीट तू मला फोनवर वाचून दाखवलंस, त्यात सगळं आहे. २४ दिवसांत ६,२४० फॉर्म, त्यातले ५ टक्के, म्हणजे ३१२ तपासले. २० फॉर्ममध्ये मिळून २२ रकाने चुकले होते. आता हेच काम तीन तऱ्हांनी सांगता येतं. ३१२ फॉर्मचे ४,३६८ रकाने होतात, त्यातले २२ चुकले, म्हणून रकान्यांनुसार अचूकता ९९.५ टक्के. फॉर्मनुसार पाहिलं तर ३१२ पैकी २९२ निर्दोष, म्हणजे ९३.६ टक्के. आणि प्रत्येक चूक एकाच अक्षराची होती असं धरलं, तर अक्षरांनुसार ९९.९६ टक्के. तिन्ही आकडे खरे आहेत. म्हणून नुसतं ‘अचूकता ९९ टक्के’ या शब्दांना आमच्या टेबलवर काही अर्थ नसतो, कशाच्या मानाने ते सांगावं लागतं. तू रकान्यांचा आकडा लिही, कारण तुझ्या शीटवर चुका रकान्यांनीच मोजल्या आहेत आणि कोणी विचारलं तर तुला कागद दाखवून बोलता येईल.

आणि त्या २२ चुका कुठे झाल्या ते पाहून जा. तू म्हणालास, बऱ्याचशा पिनकोड आणि जन्मतारखेत होत्या. मुलाखतीत हे स्वतःहून सांग, आणि आता तू पिनकोड भरल्यावर आलेलं शहर पत्त्याशी ताडून पाहतोस हेही सांग. माझ्या अनुभवात हे सांगणारा मुलगा ‘चुका होतच नाहीत’ म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी लवकर निवडला जायचा.

सॉफ्टवेअरच्या ओळीत तू ‘एमएस ऑफिस, टॅली, इंटरनेट’ लिहिलंस. टॅली काढ. पेमेंट व्हाउचरला F5 दाबतात हे तुला आठवलं नाही, म्हणजे रोजच्या हातातलं ते नाही. एक्सेल ठेव, पण त्यात काय करतोस ते लिही: डेटा व्हॅलिडेशन लावणं, दुबार नोंदी काढणं, VLOOKUP ने दोन याद्या जुळवणं. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, मुलाखतीत ती हमखास विचारतात. एक्सेल आकड्यातले १५ अंकच धरून ठेवतो. १६ अंकी कार्ड नंबर साध्या सेलमध्ये टाकला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि खाते क्रमांकाच्या सुरुवातीचा शून्य उडून जातो. सेल आधी टेक्स्ट करून घ्यायचा, मगच टाईप करायचं. नंतर टेक्स्ट केला तर गेलेला अंक परत येत नाही. मी होते त्या एका ठिकाणी याच कारणाने अख्खी बॅच क्लायंटकडून परत आली होती. दोन रात्री थांबून आम्ही ती मूळ स्कॅनवरून पुन्हा भरली.

कामाच्या ओळी साधारण अशा होतील. इंग्रजीत तू करशीलच, मी मराठीत लिहिते.

‘बँक खाते उघडण्याच्या फॉर्मची स्कॅनवरून एंट्री, ११ महिने. प्रति फॉर्म १४ रकाने, सुमारे १६० स्ट्रोक. रोज सरासरी २६० फॉर्म (पहिले २ महिने १५०), एकूण सुमारे ६३,०००. रकान्यांनुसार अचूकता ९९.५ टक्के (ऑगस्ट, ३१२ फॉर्मची क्यूसी तपासणी). इंग्रजी टायपिंग नेट ३८, १० मिनिटांची टेस्ट.’

बँकेचं नाव लिहू नकोस, ‘खासगी बँक’ एवढं पुरे. ६३,००० कसे आले ते तुला पाठ असू दे: दोन महिने २४ दिवस १५० प्रमाणे ७,२००, आणि पुढचे नऊ महिने ६,२४० प्रमाणे ५६,१६०. कमी आकडा लपवण्यापेक्षा कंसात दिला की शिकण्याचा वेगही दिसतो.

सोमवारी टीम लीडरकडे जून आणि जुलैची क्यूसी शीटं मिळतात का विचार. मिळाली तर तिन्ही महिन्यांचे तपासलेले रकाने आणि चुका एकत्र करून नवा टक्का काढ, तीन टक्क्यांची नुसती सरासरी घेऊ नकोस, कारण दर महिन्याला तपासलेले फॉर्म सारखे नसतात. नाही मिळाली तर ऑगस्टचाच आकडा राहू दे, महिन्याच्या नावासकट. रविवारी दुपारी घरी ये. आईलाही घेऊन ये. येताना शीट आण म्हणजे शेवटचा हात दोघं मिळून फिरवू.

तुझी,
काकू