शेततळ्याच्या आकृतीचा पीडीएफ इंकस्केपमध्ये मापं बदलता येतील असा कसा करायचा?

प्रश्न: आमच्या गावातल्या शेतकऱ्यांसाठी शेततळ्याचं माहितीपत्रक करायचं आहे. पीडीएफमध्ये ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्याचा छेद आहे, मला तो २० × २० × ३ चा करून हवा. इंकस्केपमध्ये उघडला तर मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी खुणा येतात, आणि रेघ धरायला गेलो की पूर्ण चित्रच उचललं जातं. पानाचा फोटो काढून त्यावर नव्यानं काढणं एवढाच मार्ग आहे का?

उत्तर:

नाही भाऊ, फोटो काढू नका. रेघ धरताना पूर्ण चित्र उचललं जातं याची दोन कारणं असू शकतात. एक तर ते स्कॅन केलेलं एकच चित्र असेल, नाहीतर खऱ्या रेघा गटात बांधलेल्या असतील. आधी हे ठरवा, कारण पुढची वाट त्यावरच आहे. पीडीएफ वाचकात तळ्याच्या काठाची एखादी तिरपी रेघ ६४०० टक्क्यांपर्यंत मोठी करून पाहा. कड धारदार राहिली तर रेघ खरी आहे. पायऱ्या-पायऱ्यांचे चौकोन दिसले तर ते स्कॅन आहे. लिनक्सवर हीच खात्री आज्ञेनं होते (आकृती तिसऱ्या पानावर आहे असं धरलं आहे):

```
pdfimages -list -f 3 -l 3 tale.pdf
pdffonts -f 3 -l 3 tale.pdf
```

पहिल्या आज्ञेत पूर्ण पानाएवढं एकच चित्र निघालं आणि दुसरीत एकही फाँट नसला, तर बहुधा स्कॅनच आहे. तुमच्याकडे अक्षरांच्या जागी इंग्रजी खुणा येतात, म्हणजे पानात अक्षरं अक्षरांच्याच रूपात आहेत. बहुतेक रेघाही खऱ्या निघतील. विंडोजवर आज्ञा चालवायच्या नसतील तर अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये `Ctrl+D` दाबून `Fonts` च्या पानावर नावं पाहा.

अक्षरांचं कोडं त्या नावांतच सुटतं. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटात 'क' हा 'क' म्हणून साठवलेला नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क' चं चित्र बसवलेलं असतं. तो फाँट तुमच्या संगणकात नसला की इंकस्केप दुसरा फाँट लावतं आणि खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. नावाच्या आधी सहा मोठी इंग्रजी अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसलं, तर त्या फाइलीत फाँटाचा फक्त तुकडा आहे, त्या कागदात वापरलेल्या अक्षरांपुरता. तो बाहेर काढला तरी नवा शब्द लिहायला पुरेलच असं नाही. युनिकोड फाँट असला तरी सुटका नाही. पीडीएफमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमानं ठेवलेली असतात, त्यामुळे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. म्हणून मराठी मजकूर 'मजकूर म्हणून' वाचवायच्या मागे लागू नका. अक्षरांची चित्रं जशीच्या तशी आणा, त्यांच्या जागा पाहून नव्यानं टाइप करा, आणि मग जुनी काढून टाका. छेदाच्या आकृतीत पंधरा-वीस शब्द असतात, अर्ध्या तासाचं काम आहे.

यासाठी इंकस्केपमध्ये पीडीएफ उघडताना जी खिडकी येते, तिथे पान निवडा आणि `Poppler/Cairo import` घ्या. (दुसरा पर्याय आहे अंतर्गत आयातीचा. त्यात अक्षरं टाइप करता येतील अशी येतात, पण मराठीचं वर सांगितल्यासारखं होतं. आकृतीत नुसते इंग्रजी शब्द आणि आकडे असते तर मी तोच सांगितला असता.) खिडकीतल्या शब्दांची मांडणी आवृत्तीप्रमाणे थोडी बदलते. आज्ञेनं करायचं असेल तर हे:

```
pdftocairo -svg -f 3 -l 3 tale.pdf tale3.svg
```

आता चित्र मराठीसकट जसंच्या तसं दिसेल, पण प्रत्येक अक्षर म्हणजे नुसता आकार असेल.

पुढे गट सोडवायचे. `Ctrl+A`, मग `Ctrl+Shift+G`. खाली स्थितीपट्टीवर काय निवडलंय ते वाचत राहा, `Group` दिसत असेल तोवर पुन्हा `Ctrl+Shift+G`. मध्येच कुठेतरी हे काम अडतं, कारण पीडीएफ काढणाऱ्या प्रोग्रामनं पूर्ण पानाला बाहेरचा भाग लपवणारी कातरचौकट लावलेली असते. ती दिसत नाही, पण तिच्यामुळे निवडीचा चौकोन कधी रेघेपेक्षा बराच मोठा दिसतो, तर कधी रेघ हलवली की अर्धी गायब होते. `Object > Clip` मधल्या `Release` नं ती सुटते आणि एक रिकामा आयत मोकळा होतो. तो पुसून टाका.

पण इथे सगळं निवडून एकदम `Release` करू नका. माती किंवा पाणी दाखवायला तिरप्या रेघांची जी जाळी भरलेली असते, ती बहुतेकदा लांबच लांब रेघा काढून कातरचौकटीनंच तळ्याच्या आकारात बसवलेली असते. ती सोडली की रेघा पानभर सांडतात. तसं झालं तर `Ctrl+Z`. तळ्याचा आकार बदलायचाच असल्यानं जुनी जाळी पुसा आणि शेवटी नव्या आकारात `Fill and Stroke` मधून पट्ट्यांचा नमुना भरा. हे सोपं पडतं.

गट सुटल्यावर माप लावा, आणि हे रेघ हलवण्याच्या आधीच करा. समजा आकृतीवर १:२५० लिहिलंय. मग ३० मीटरची वरची रुंदी कागदावर १२० मिलिमीटर भरायला हवी. इंकस्केपमध्ये मोजली तर ती ११३.४ निघू शकते, कारण कोणीतरी छापताना 'पानात बसवा' निवडलेलं असतं. १२० भागिले ११३.४, म्हणजे पूर्ण चित्र १०५.८२ टक्के मोठं करायचं. मोजण्याआधी `Edit > Preferences > Tools` मध्ये `Geometric bounding box` निवडा. नाहीतर रेघेची जाडीही मापात धरली जाते आणि ०.३५ मिलिमीटरच्या रेघेनं १२० चे १२०.३५ होतात. निवडीच्या साधनपट्टीवर रेघेची जाडी सोबत वाढवण्याचं बटण आहे, तेही आधी बंद करा.

आता मुख्य काम. ३० चं तळं २० चं करायचं म्हटल्यावर हात आपोआप बाणाकडे जातो आणि आकृती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. तसं केलं की आकृती खोटी होते. मूळ तळ्याचा उतार १:१.५ आहे, म्हणजे ३ मीटर खोलीला प्रत्येक बाजूनं ४.५ मीटर आत. म्हणून तळ २१ मीटरचा. कागदावर वरची रुंदी १२०, तळ ८४, खोली १२ आणि तिरपी बाजू आडवी १८ मिलिमीटर. दाबून १२० चे ८० केले की तळ ५६ होतो आणि १८ चे १२ होतात. खोली १२ च, म्हणजे उतार झाला १:१. आपल्याकडच्या काळ्या मातीत एवढ्या उभ्या बाजू पावसाळ्यात ढासळतात. माहितीपत्रक हातात घेऊन कोणी जेसीबीवाल्याला तसंच खणायला लावलं, तर नुकसान त्या वावराच्या मालकाचं.

बरोबर हिशोब असा: २० मीटर वर, तळ २० वजा ९ म्हणजे ११ मीटर. कागदावर ८० आणि ४४. वरही ४० मिलिमीटर कमी, खालीही ४० च कमी. म्हणजे तिरप्या बाजूला हातच लावायचा नाही. ती आहे तशी उचलून २० मिलिमीटर आत सरकवायची, दोन्हीकडून. खोली आणि उतार आपोआप टिकतात.

`Preferences > Behavior > Steps` मध्ये बाणाच्या कळीनं सरकण्याचं अंतर २० मिलिमीटर करा. गाठींच्या साधनानं (`N`) तळ्याची बाह्यरेषा निवडा, डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या दोन्ही गाठींभोवती चौकट ओढा आणि उजवा बाण एकदा दाबा. उजव्या बाजूला हेच डाव्या बाणानं. झाल्यावर अंतर पुन्हा २ px करून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी सगळं उड्या मारेल.

इथे एक फसगत हमखास होते. पुष्कळ पीडीएफमध्ये भरलेला रंग आणि कडेची रेघ हे एकावर एक ठेवलेले दोन वेगळे आकार असतात. तुम्ही रेघ सरकवता आणि मातीचा रंग जुन्याच जागी राहतो. रेघ थोडी बाजूला ओढून खाली दुसरा आकार उरतो का ते पाहा, आणि `Ctrl+Z` करा. उरत असेल तर गाठींच्या साधनात `Shift` धरून दोन्ही आकार निवडा आणि मग गाठींभोवती चौकट ओढा. दोन्ही सोबत सरकतात. बांध, इनलेटचा पाइप आणि मापाचे बाणही त्याच २० मिलिमीटरनं आत घ्यायचे आहेत. बाणांची टोकं बहुधा सुटे छोटे त्रिकोण असतात, तीही चौकटीत आली का ते बघा.

आकृती ऑटोकॅडमधून आली असेल तर तुटक रेघेचा प्रत्येक तुकडा वेगळा मिळू शकतो. ते जोडत बसू नका. सगळे पुसा, एक सरळ रेघ काढा आणि तिला `Stroke style` मधून तुटक करा. अशा आकृत्यांत इंग्रजी आकडेही कधी कधी नुसत्या रेघांचे असतात आणि `pdffonts` मध्ये त्यांचं नाव येत नाही. तेही नव्यानंच टाइप होतील.

शेवटी अक्षरं. जुनी अक्षरं एका थरावर घेऊन थर फिका करा आणि कुलूप लावा. वर नव्या थरावर मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घेऊन टाइप करा. आकडे बदलताना पाण्याचा आकडाही बदला, तो नेमका राहून जातो. वरचं क्षेत्रफळ ४००, मधलं १५.५ × १५.५ म्हणजे २४०.२५, तळाचं १२१. मधल्याची चौपट धरून बेरीज १४८२. तिला खोलीनं गुणून सहानं भागलं की ७४१ घनमीटर. जुन्या आकृतीत हाच आकडा १९७१ असेल.

तालुक्याला फ्लेक्सवाल्याकडे बहुधा कोरलड्रॉ असतं आणि तुमचा फाँट तिथे असेलच असं नाही. त्याला द्यायच्या प्रतीत सगळी अक्षरं निवडून `Ctrl+Shift+C` करा, म्हणजे ती आकार बनतील, आणि पीडीएफ काढून द्या. टाइप करता येणारी `svg` वेगळ्या नावानं स्वतःकडे ठेवा. पुढच्या शेतकऱ्याचं तळं २५ × २० चं असलं की तीच लागेल.